फोन भरलाय, आधी काय उडवायचं?

फोनची जागा संपल्याचा संदेश बहुतेक वेळा नको त्या क्षणी येतो. कॅमेरा उघडलेला असतो, समोर काहीतरी घडत असतं आणि पडद्यावर ‘Storage full’ असं दिसतं. अशा वेळी माणूस गॅलरी उघडतो, सगळ्यात मोठा व्हिडिओ शोधतो आणि उडवतो. तो मोठा असतो आणि एका टिचकीत जातो, एवढंच कारण. पण गॅलरीतले मोठे व्हिडिओ आपण स्वतः काढलेले असतात आणि बऱ्याचदा त्यांची दुसरी प्रत कुठेच नसते. म्हणजे सगळ्यात धोक्याची गोष्ट सगळ्यात आधी केली जाते. त्याच फोनमध्ये गेली तरी कुणाला पत्ता लागणार नाही अशी पाच-सहा जीबी माहिती पडून असते, तिला हातही लागत नाही.

घाईत फाइलचा आकार पाहून क्रम ठरवला की तो चुकतो. एकच प्रश्न विचारायचा: ही गोष्ट गेली तर परत कुठून आणि किती वेळात मिळेल? फोन ती आपोआप पुन्हा तयार करणार असेल, तर धोका नाही. इंटरनेटवरून पुन्हा उतरवता येत असेल, तर थोडा वेळ आणि डेटा जाईल. कुणाकडून पुन्हा मागवावी लागणार असेल, तर समोरच्याने ती ठेवलेली असली पाहिजे. आणि ती जगात फक्त या फोनमध्येच असेल, तर ती परत मिळणार नाही. याच ओळीने खाली जायचं आणि पुरेशी जागा झाली की तिथेच थांबायचं. क्रम नीट असेल, तर शेवटच्या पायरीपर्यंत जाण्याची वेळ क्वचितच येते.

एक घर डोळ्यांसमोर आणू. भाचीचं लग्न आहे, हळद दोन तासांवर आली आहे. मावशींच्या ६४ जीबीच्या अँड्रॉइड फोनमध्ये जेमतेम अर्धा जीबी जागा उरली आहे आणि व्हिडिओ त्यांनाच काढायचा आहे. शेजारी भाचा बसला आहे.

पहिल्यांदा हिशेब करावा लागतो, किती जागा हवी? साध्या फुल एचडी, म्हणजे १०८०पी व्हिडिओच्या एका मिनिटाला बहुतेक फोनवर साधारण १३० एमबी लागतात. हळद आणि लग्न मिळून तासाभराचं चित्रण धरलं, तर आठ जीबी. एक फोटो चार एमबीचा धरला, तर तीनशे फोटोंना सव्वा जीबी. फोन अगदी काठोकाठ भरला की तो अडखळतो आणि ॲप मध्येच बंद पडतात, म्हणून एक जीबी मोकळा ठेवायचा. मावशींना सगळं मिळून दहा-साडेदहा जीबी हवेत. ‘4K’ चित्रण चालू असेल, तर हाच आकडा कितीतरी वाढतो. त्यामुळे काहीही उडवण्याआधी कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ते १०८०पी करून घ्यावं. नुसत्या तेवढ्याने बरीच जागा वाचते.

हा हिशेब सगळ्यांचा सारखा नसतो. गारपिटीनंतर शेतात उभ्या असलेल्या शेतकऱ्याला नुकसानीचे वीस फोटो काढायचे असतात. त्याला शंभर एमबी पुरतात. पहिल्याच पायरीवर त्याचं काम होतं आणि मुलांच्या फोटोंना हात लावण्याची गरजच पडत नाही. आपल्याला किती हवंय हेच ठाऊक नसेल, तर कुठे थांबायचं हेही कळत नाही.

पहिली पायरी कॅशेची. फेसबुक, इन्स्टाग्राम, क्रोम, यूट्यूब ही ॲप आपण पाहिलेली चित्रं आणि पानं पुन्हा पटकन दिसावीत म्हणून फोनमध्ये साठवून ठेवतात. ती पुसली तर पुढच्या वेळी ॲप उघडायला थोडा जास्त वेळ लागतो, बाकी काही होत नाही. सेटिंगमध्ये ‘Apps’ मध्ये जाऊन एकेका ॲपचं ‘Storage & cache’ उघडायचं आणि ‘Clear cache’ दाबायचं. मावशींच्या फोनवर चार ॲपमधून दीड जीबी निघाला.

इथेच एक सापळा आहे आणि तो ओळखला नाही तर पहिलीच पायरी सगळ्यात धोक्याची ठरते. ‘Clear cache’ च्या अगदी शेजारी ‘Clear storage’ असं दुसरं बटण असतं. काही फोनवर त्याला ‘Clear data’ म्हणतात. ते दाबलं की ॲप नव्याने बसवल्यासारखं कोरं होतं. लॉगिन, सेटिंग आणि फोनमध्येच साठवलेल्या नोंदी सगळं जातं. फेसबुकच्या बाबतीत पुन्हा पासवर्ड टाकला की काम होतं, कारण सगळा मजकूर त्यांच्या सर्व्हरवर असतो. व्हॉट्सॲपचं तसं नाही. आपली संभाषणं आपल्या फोनवरच राहतात, पोचलेले संदेश कंपनी आपल्या सर्व्हरवर जपून ठेवत नाही. तिथे हे बटण दाबलं, तर मागचा बॅकअप जेवढा असेल तेवढंच परत मिळतं. बॅकअप नसेल, तर काहीच मिळत नाही. हे बटण दाबताना फोन एक इशारा दाखवतो, तो वाचायचा. कॅशे पुसताना असा इशारा येत नाही. म्हणून खूण लक्षात ठेवायची: ‘कायमचं जाईल’ अशा अर्थाचं काही विचारलं, तर आपण चुकीच्या बटणावर आहोत.

कॅशे दोन-चार दिवसांत पुन्हा भरते. ही जागा उसनी आहे, पण लग्नापुरती ती पुरते.

दुसरी पायरी, आपण मुद्दाम उतरवून ठेवलेल्या गोष्टींची. प्रवासात पाहण्यासाठी यूट्यूबवर किंवा नेटफ्लिक्सवर डाउनलोड केलेल्या मालिका, गाण्याच्या ॲपमधली गाणी, गूगल मॅप्सचे ऑफलाइन नकाशे. या साऱ्यांची मूळ प्रत इंटरनेटवर असते. मावशींनी मागच्या गावच्या प्रवासासाठी उतरवलेली मालिका तशीच पडून होती, ती आणि नकाशे मिळून सव्वादोन जीबी. या वस्तू फाइल मॅनेजरमधून पुसायला जाऊ नये, ज्या त्या ॲपच्या ‘Downloads’ मध्ये जाऊन पुसाव्यात, म्हणजे ॲपचा हिशेब बिघडत नाही. धोका एकच. लग्न अशा गावात असेल जिथे नेटवर्क येत नाही, तर तिथला नकाशा ठेवावा.

याच पायरीवर फोनच्या ‘Downloads’ या फोल्डरमधल्या पीडीएफही येतात. आधार, डिजिलॉकरमधली कागदपत्रं, विजेची बिलं पुन्हा उतरवता येतात. पण त्याच फोल्डरमध्ये कुणीतरी स्कॅन करून पाठवलेला जुना फेरफार किंवा दवाखान्याचा रिपोर्टही असतो आणि त्यांची दुसरी प्रत असेलच असं नाही. शिवाय पीडीएफ फार जागा खात नाहीत. शंभर पीडीएफ उडवून जे मिळतं ते एका मालिकेच्या एका भागातून मिळतं. घाईच्या वेळी त्या फोल्डरमध्ये वेळ घालवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

तिसरी पायरी ॲप काढून टाकण्याची. प्ले स्टोअरवरून ॲप परत मिळतं, पण ॲपच्या आत आपण काय ठेवलंय ते परत मिळेलच असं नाही. मावशींच्या फोनमध्ये नातवाचा एक गेम दोन जीबींच्या घरात जागा अडवून होता. भाच्याचा हात त्यावर गेला तेव्हा मावशी म्हणाल्या, “अरे, त्याला विचारल्याशिवाय नको.” त्या बरोबर होत्या. गेम खात्याशी जोडलेला असेल, तर कमावलेल्या पातळ्या परत येतात. नसेल, तर पोराची महिन्यांची मेहनत जाते. विचारलं, तो गेम आता खेळतच नव्हता, मग काढला. नव्या अँड्रॉइड फोनवर ‘Archive’ असा पर्याय दिसतो, तो ॲपचा मोठा भाग काढतो पण आतली माहिती ठेवतो. आयफोनवर याच कामासाठी ‘Offload App’ आहे. तो दिसत असेल, तर पूर्ण काढून टाकण्यापेक्षा तोच वापरावा.

यूपीआय आणि बँकेची ॲप मात्र अशा दिवशी काढू नयेत. ती आकाराने लहान असतात. परत बसवल्यावर सिमकार्डवरून एसएमएसने पडताळणी करावी लागते आणि नव्याने नोंदणी झाल्यावर काही बँका पहिले २४ तास रकमेवर मर्यादा ठेवतात. मंडपवाल्याला पैसे द्यायच्या दिवशी ही अडचण कुणाला परवडणारी नसते. दोन टप्प्यांच्या लॉगिनचे सहा आकडी कोड देणारी ‘ऑथेंटिकेटर’ ॲपही अशीच जपायची. खात्याशी जोडलेली नसतील, तर ॲपबरोबर ते कोडही जातात आणि मग स्वतःच्याच ईमेलच्या दाराबाहेर उभं राहावं लागतं. ई-पीक पाहणीसारख्या ॲपमध्ये शेतात नेटवर्क नसताना केलेली नोंद अपलोड होईपर्यंत फोनमध्येच थांबलेली असते. ती वर जाण्याआधी ॲप काढलं किंवा त्याचं ‘Clear storage’ केलं, तर पुन्हा शेतात जावं लागेल.

आतापर्यंत मावशींचे पावणेसहा जीबी झाले होते. यापुढे आपण माणसांनी काढलेल्या आणि पाठवलेल्या गोष्टींत शिरतो. तिथे शिरण्याआधी कचरापेटीबद्दल सांगायला हवं, कारण घाईत होणारं सगळ्यात मोठं नुकसान बऱ्याचदा तिच्यामुळे होतं.

आता बहुतेक फोनमध्ये फोटो डिलीट केला की तो लगेच जात नाही. गूगल फोटोजमध्ये तो ‘Bin’ किंवा ‘Trash’ मध्ये जातो. बॅकअप घेतलेला असेल, तर तिथे ६० दिवस राहतो, नसेल तर ३० दिवस. सॅमसंगच्या गॅलरीची पेटी ३० दिवसांची आहे, आयफोनचं ‘Recently Deleted’ साधारण तेवढ्याच दिवसांचं. ही सोय उत्तम आहे, पण पेटीत पडलेली फाइल फोनमधली जागा अडवूनच असते. माणूस दोन जीबींचे व्हिडिओ डिलीट करतो, स्टोरेज पाहतो, तर आकडा तोच. त्याला वाटतं अजून उडवायला हवं. तो आणखी उडवतो, आकडा हलत नाही. मग कुणीतरी पेटीची आठवण करून देतं आणि तो ती एकदम रिकामी करतो. त्या क्षणी मघापासून वैतागून उडवलेलं सगळं कायमचं जातं, त्यात ज्यांची गरजच नव्हती तेही.

त्यामुळे पेटीचा क्रम उलटा हवा. आधी ती उघडून पाहायची. त्यात आधीपासून पडलेलं जे असेल, ते वरवर चाळायचं, चुकून गेलेलं काही दिसलं तर परत घ्यायचं आणि मग ती रिकामी करायची. ही आपली चौथी पायरी. मावशींना तिथे पाऊण जीबी मिळाला. त्यानंतर आज जे नव्याने पेटीत जाईल, ते गरज पडल्याशिवाय रिकामं करायचं नाही. लक्षात ठेवायचं की एका फोनवर अशा पेट्या दोन-तीन असू शकतात: गॅलरीची वेगळी, गूगल फोटोजची वेगळी, फाइल मॅनेजरची वेगळी.

पाचवी पायरी व्हॉट्सॲप. आपल्याकडच्या कितीतरी फोनमधली जागा याच ॲपने अडवलेली असते. सुप्रभातच्या चित्रांनी तर असतेच, पण खरी जागा खातात पुढे ढकललेले व्हिडिओ. व्हॉट्सॲपच्या ‘Settings’ मध्ये ‘Storage and data’ आणि त्यात ‘Manage storage’ आहे. तिथे वर दोन गठ्ठे दिसतात: ‘Forwarded many times’ आणि ‘Larger than 5 MB’. खाली प्रत्येक गट आणि व्यक्ती किती जागा घेतेय ते उतरत्या क्रमाने दिसतं. या एका पानावर बसून अर्ध्या तासात काम होतं.

पहिला गठ्ठा बिनधास्त रिकामा करावा. अनेकदा पुढे ढकलली गेलेली गोष्ट जगात हजारो फोनवर असते. मावशींचा दीड जीबी इथेच मोकळा झाला. दुसऱ्या गठ्ठ्यात मात्र डोळे उघडे ठेवावे लागतात. त्यात सोसायटीच्या गटातला कार्यक्रमाचा व्हिडिओ असतो, तसा अमेरिकेतल्या मुलीने पाठवलेला नातीच्या पहिल्या पावलांचा व्हिडिओही असतो. आकाराने दोन्ही सारखेच. “मावशी, हा कुणी पाठवलाय?” असं भाच्याने एकेक विचारत पुढे जावं, हाच सुरक्षित मार्ग. गटातला असेल, तर उडवावा. एकट्याने पाठवलेला असेल, तर ठेवावा. कारण गटातली गोष्ट परत मागता येते, निदान पन्नास जणांना विचारता येतं. तरी त्यावरही डोळे झाकून विसंबू नये. ‘दुसऱ्या कुणाकडे असेलच’ असं गटातले सगळेच धरून चालतात, आणि सगळ्यांचे फोन एकाच सुमाराला भरतात.

व्हॉट्सॲपमध्ये अजून एक जागा आहे, पाठवलेल्या गोष्टींची. आपण फोटो पाठवला की त्याची एक लहान केलेली प्रत ‘Sent’ या फोल्डरमध्ये राहते. मूळ फोटो कॅमेऱ्याच्या ‘DCIM’ फोल्डरमध्ये असतोच, म्हणून पाठवलेली प्रत उडवायला हरकत नसते. उलटं करू नये. ‘गटात पाठवलाय ना’ म्हणून मूळ उडवला, तर हातात कमी प्रतीचा फोटो उरतो. तो फोनच्या पडद्यावर चांगला दिसतो, पण छापायला दिला की फिका आणि धूसर येतो. आणि जे फोटो व्हॉट्सॲपच्याच कॅमेऱ्याने काढले, त्यांची प्रत बहुधा याच ‘Sent’ मध्ये असते, दुसरीकडे नसते. बाळाचे घाईत काढून पाठवलेले फोटो असेच निघालेले असतात. फोल्डर सरसकट पुसण्याआधी तो एकदा चाळावा, याचं कारण हेच.

‘बॅकअप आहे, काळजी नको’ असं इथे खूप जण म्हणतात. व्हॉट्सॲपच्या बॅकअपमध्ये व्हिडिओ येण्यासाठी ‘Include videos’ हा पर्याय वेगळा चालू करावा लागतो, तो बऱ्याच जणांचा बंद असतो. दुसरं, नवा बॅकअप जुन्याच्या जागी बसतो. आज दुपारी चुकून एखादं संभाषण उडवलं आणि रात्री आपोआप बॅकअप झाला, तर उद्या बॅकअपमध्येही ते संभाषण नसेल. चूक लक्षात आली, तर आधी बॅकअपची वेळ ‘Off’ करावी, मग पुढचा विचार करावा.

मोठ्या गठ्ठ्यातून सोसायटीचे आणि शाळेच्या जुन्या गटाचे व्हिडिओ मिळून दोन जीबी निघाले. एकूण बेरीज दहा जीबींवर गेली, आधीचा अर्धा जीबी होताच. मावशींचं काम इथे झालं. भाच्याने फोन परत दिला, तेव्हा त्यांनी स्वतः काढलेला एकही फोटो गेला नव्हता.

प्रत्येकाचं काम इथे होतंच असं नाही, म्हणून पुढच्या पायऱ्याही ठाऊक हव्यात. सहावी पायरी म्हणजे ज्यांचा बॅकअप गूगल फोटोजमध्ये खात्रीने झालाय ते फोटो आणि व्हिडिओ. या कामासाठी गूगल फोटोजमध्ये ‘Free up space’ आहे. ते फक्त बॅकअप झालेल्या फाइल फोनवरून काढतं आणि खात्यातली प्रत ठेवतं. साध्या डिलीटच्या बटणाने मात्र ती दोन्हीकडून जाते. फोनवर पुसलं तरी ‘वर’ राहील असं समजून हजारो माणसं साधं डिलीट वापरतात. फोन आणि खातं जोडलेलं असतं, म्हणून इथलं पुसणं तिथेही पोचतं. त्यात वाचवणारी गोष्ट एकच, ६० दिवसांची पेटी.

या पायरीवर ‘खात्रीने’ हा शब्द मी मुद्दाम लिहिलाय. गूगलच्या मोफत खात्यात फोटो, जीमेल आणि ड्राइव्ह मिळून १५ जीबी मिळतात. २०२१ च्या १ जूनपर्यंत कमी आकारातले फोटो त्या हिशेबात धरले जात नव्हते, त्यानंतरचे धरले जातात. त्यामुळे कितीतरी खाती भरून गेली आहेत आणि बॅकअप केव्हाच थांबला आहे. फोन त्याची सूचना देतो, पण ती सूचना आपण बोटाने बाजूला सारतो. शिवाय बॅकअप सहसा फक्त कॅमेऱ्याच्या फोल्डरचा चालू असतो. व्हॉट्सॲप आणि इतर फोल्डर वेगळे चालू करावे लागतात. खात्री करायचा मार्ग सोपा आहे. दुसऱ्या कुणाच्या फोनवर किंवा संगणकावर photos.google.com उघडून आपल्या खात्यात जायचं. कालचा फोटो तिथे दिसतोय का? एखादा जुना व्हिडिओ तिथे चालतोय का? दोन्ही होत असेल, तरच ‘Free up space’ दाबावं. ‘Storage saver’ या पर्यायाने बॅकअप घेतला असेल, तर वर गेलेली प्रत मूळ प्रतीपेक्षा थोडी कमी दर्जाची असते, हेही लक्षात असू द्यावं.

आणि शेवटची पायरी, ज्यांची दुसरी प्रत नाही अशा गोष्टींची. बॅकअप न झालेले स्वतःचे व्हिडिओ, आवाजाच्या नोंदी, फोनवरच्या संभाषणाचं रेकॉर्डिंग, फक्त फोनमध्येच असलेल्या टिपणांच्या वह्या. आवाजाच्या नोंदींकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं. त्या गॅलरीत दिसत नाहीत, त्यांचा बॅकअप आपोआप सुरू नसतो आणि नाव म्हणून नुसती तारीख असते. आजीने सांगितलेली ओवी किंवा वडिलांचा आवाज अशाच एखाद्या तारखेखाली असतो. या गोष्टी जागेसाठी उडवायच्या नसतात, हलवायच्या असतात.

हलवण्यासाठी लग्नघरातही साधनं असतात. दोन्ही बाजूंनी टोकं असलेला ओटीजी पेनड्राइव्ह, नाहीतर कुणाचा तरी लॅपटॉप. साध्या पेनड्राइव्हवर सेकंदाला १० एमबी धरले, तर आठ जीबींना सुमारे तेरा-चौदा मिनिटं लागतात. फोनच्या फाइल मॅनेजरमध्ये ‘Move’ दाबू नये, ‘Copy’ दाबावं. मध्येच पेनड्राइव्ह हलला किंवा फोन बंद पडला, तर ‘Move’ मध्ये फाइल अर्धी इकडे अर्धी तिकडे अशी अडकू शकते. ‘Copy’ मध्ये मूळ जागच्या जागी राहतं. प्रत झाली की पेनड्राइव्ह काढून पुन्हा लावायचा, त्यावरचे दोन-तीन व्हिडिओ उघडायचे, शेवटपर्यंत सरकवून पाहायचे. फाइलची संख्या आणि एकूण आकार जुळतोय का ते पाहायचं. मगच मूळ उडवायचं. चार जीबींहून मोठी एखादी फाइल पेनड्राइव्ह घ्यायलाच तयार नसेल, तर तो जुन्या ‘FAT32’ पद्धतीने तयार केलेला असतो. तो व्हिडिओ तिथे बसणार नाही, दुसरं साधन शोधावं.

काही गोष्टी कुठल्याच पायरीवर येत नाहीत. फाइल मॅनेजरमधला ‘Android’ नावाचा फोल्डर मोठा दिसतो म्हणून पुसू नये, त्यात ॲपच्या आपापल्या फाइल असतात आणि व्हॉट्सॲपचे फोटो व त्याचा फोनमधला बॅकअपही आता त्याच्याच पोटात असतो. मेमरी कार्ड लावल्यावर फोन ‘Format’ विचारतो. कार्डात आधीचं काही असेल, तर तिथे ‘हो’ म्हणू नये. आणि ‘एका टिचकीत फोन साफ’ म्हणणारी अनोळखी ॲप घाईत उतरवू नयेत. काय उडवायचं हा निर्णय ती आपल्यासाठी घेतात आणि आपल्या दृष्टीने कुठली फाइल मोलाची आहे हे त्यांना कळायचा काही मार्ग नसतो.

एवढं करूनही चुकून काही गेलंच, तर पहिल्यांदा सगळ्या पेट्या पाहाव्यात. फाइल मेमरी कार्डावरची असेल, तर नवं चित्रण ताबडतोब थांबवून कार्ड बाहेर काढावं. पुसलेल्या फाइलच्या जागी नवं काही लिहिलं गेलं नसेल, तर संगणकावरच्या फोटोरेकसारख्या मोफत साधनाने ती परत मिळण्याची बरी शक्यता असते. फोनच्या स्वतःच्या साठवणीतून गेलेली आणि पेटीतूनही रिकामी झालेली फाइल मात्र सहसा परत येत नाही. आजच्या फोनमध्ये फाइल कूटबद्ध करून ठेवलेल्या असतात आणि मोकळी झालेली जागा फोन स्वतःच आतून पुसून घेतो. ‘डिलीट झालेले फोटो परत आणा’ म्हणणारी ॲप फार तर कॅशेमधल्या छोट्या, धूसर प्रती दाखवतात. त्यांना पैसे भरण्यापूर्वी हे ठाऊक असावं.

हळद संपल्यावर मावशींच्या फोनमध्ये एकच प्रत असलेले नवे कित्येक जीबी जमा झालेले असतील. त्यांच्या खात्यातले १५ जीबी जवळजवळ भरलेले असतील, तर ते आपोआप वर जाणार नाहीत. वाय-फायवरच बॅकअप घ्यायची सेटिंग असेल, तर मंडपातल्या मोबाइल डेटावरही जाणार नाहीत. लग्नाच्या दिवशी सकाळी फोन पुन्हा भरला, तर हे नवे व्हिडिओ यादीत सगळ्यात शेवटी येतात. म्हणून भाच्याने त्या रात्रीच ते लॅपटॉपवर उतरवून घ्यावेत, तिथे चालवून पाहावेत आणि लग्न लागेपर्यंत फोनमधलेही तसेच ठेवावेत.